खटला चालवण्याइतपत आरोपी भानावर आहे का? कलम ३६७ आणि कलम २२ यांतला घोळ

खानापूरचा_ज्युनिअर
मंडळी, फाईल माझ्याकडे लीगल एडमधून आली आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून लिहितो.

आरोपी ३८ वर्षांचा, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या गावचा. चुलत भावाच्या हातावर कोयत्याने वार, हाड मोडलंय. भारतीय न्याय संहितेचं कलम ११८(२). चार्जशीट दाखल झालं आहे, माणूस चार महिने हिंडलग्याच्या जेलमध्ये. दोषारोप निश्चितीसाठी, म्हणजे चार्जसाठी, तीन तारखा पडल्या. पहिल्या दोन तारखांना तो काहीच बोलला नाही. तिसऱ्या तारखेला म्हणाला, "बेंच क्लार्क माझे विचार टाईप करतोय, त्याला थांबवा." मला तो वकील मानतच नाही, चुलत भावाने पाठवलेला माणूस समजतो. घरचे सांगतात की आठ वर्षं गोळ्या चालू होत्या, घटनेच्या तीन महिने आधी बंद केल्या.

सरकारी वकील म्हणतात, वेडेपणाचा बचाव घ्यायचा तर साक्षीपुराव्यात घ्या, आत्ता चार्ज होऊ दे. मला हे पटत नाही, पण अर्ज नेमका कसा करावा आणि डॉक्टरांकडून काय मागावं, हे कळत नाही.

सीमाभागी
सोपं आहे. सिव्हिल हॉस्पिटलातून सर्टिफिकेट काढा, दंड संहितेचं जुनं कलम ८४ म्हणजे न्याय संहितेचं आताचं २२ लावा, सुटला. मेंटल माणसाला शिक्षा होत नाही. शिवाय नवीन नागरिक सुरक्षा संहितेत ४७९ आहे, पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश शिक्षेइतका काळ आत काढला की जामीन द्यावाच लागतो.

वैजनाथ_वकिली
सीमाभागी, यातलं निम्मं बरोबर आहे आणि निम्म्यामुळे आरोपीचं नुकसान होईल.

आधी ४७९. ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप ही एक शिक्षा म्हणून सांगितली आहे, त्याला हे कलम लागत नाही. ११८(२) मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या कैदेबरोबर जन्मठेपही लिहिलेली आहे. त्यामुळे इथे तो दरवाजा बंद. साधी मारहाण असती तर तुमचं म्हणणं चाललं असतं.

आता कलम २२. ते एकाच क्षणाबद्दल विचारतं: कोयता उचलला तेव्हा, मनाच्या विकारामुळे, आपण काय करतोय किंवा ते चूक आहे, बेकायदेशीर आहे, हे कळण्याची ताकद त्याच्यात होती का? उत्तर खटल्याच्या शेवटी मिळतं, पुरावा होऊन. ज्युनिअरचा प्रश्न आजचा आहे. आज पिंजऱ्यात उभा असलेला हा माणूस स्वतःचा बचाव करू शकतो का? आठ महिन्यांपूर्वी पूर्ण शुद्धीत असलेला माणूस आज अपात्र ठरू शकतो आणि गुन्ह्याच्या वेळी भ्रमात असलेला माणूस औषधांनी आज खटल्याला पूर्ण लायक असू शकतो. तारखा वेगळ्या, पुरावा वेगळा, निकालही वेगळा. आजची अपात्रता सिद्ध झाली तर निर्दोष सुटका होत नाही. खटला थांबतो, एवढंच.

सरकारी वकिलांचं म्हणणं उलट्या क्रमाचं आहे. ज्याला चार्ज वाचून दाखवलेलं समजत नाही, त्याचा जबाब 'नाकबूल' म्हणून लिहून पुढे जाणं हाच दोष आहे. अपात्रतेचा प्रश्न उठला की तो आधी निकाली काढावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने व्हिव्हियन रॉड्रिक प्रकरणात १९६९ मध्येच हे सांगून ठेवलं आहे.

खानापूरचा_ज्युनिअर
मग नागरिक सुरक्षा संहितेचं ३६७ की ३६८? चार्ज अजून झालेला नाही.

वैजनाथ_वकिली
चार्ज झालेला नाही, म्हणजे चौकशीचा टप्पा. ३६७. चार्ज झाल्यावर प्रश्न आला तर ३६८, मग न्यायालय मॅजिस्ट्रेटचं असो की सेशन्स. मजकूर बराचसा सारखाच आहे, पण अर्जावर चुकीचं कलम पडलं की एक तारीख त्यातच जाते.

अर्ज लहान ठेवा. तिन्ही तारखांना कोर्टात काय झालं ते रोजनाम्याच्या तारखेसह लिहा. वकिलाशी एकांतात झालेलं बोलणं त्यात घालू नका, ते गोपनीय आहे. "सूचना मिळू शकत नाहीत" एवढं पुरे. सोबत जुने ओपीडी कागद, गोळ्यांच्या चिठ्ठ्या आणि जेलच्या दवाखान्याची नोंद मागवण्याची विनंती. मग मागण्या तीन: एक, सिव्हिल सर्जनकडून तपासणी, म्हणजे आपल्याकडे डिस्ट्रिक्ट सर्जन. दोन, त्यांना मनोविकार आढळला तर सरकारी रुग्णालयातल्या किंवा सरकारी मेडिकल कॉलेजातल्या मनोविकारतज्ज्ञाकडे किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवणं. तीन, तपासणाऱ्या डॉक्टरांची साक्ष म्हणून नोंद.

तिसरी मागणी सगळ्यात जास्त विसरली जाते. पत्र येतं, फाईलला लागतं, पुढची तारीख पडते. पण ३६७(१) मध्ये डॉक्टरला साक्षीदार म्हणून तपासून ते लिहून काढायचं म्हटलं आहे. साक्ष नसेल तर त्या पत्राला उलटतपासणी लागत नाही आणि पुढे वरच्या कोर्टात निष्कर्षच लटकतो.

मनोवेध
मी मनोविकार विभागात काम करते, कोर्टाकडून आलेले रुग्ण रोजचेच. माझ्या बाजूने सांगते.

कोर्टाचं पत्र बहुतेक एका ओळीचं असतं: "आरोपीची मानसिक स्थिती तपासून अहवाल द्यावा." मग अहवालही तसाच जातो: "स्किझोफ्रेनिया, उपचार सुरू, स्थिती स्थिर." हे वाचून न्यायाधीशांना काहीच कळत नाही. स्किझोफ्रेनिया असलेले कितीतरी लोक खटला नीट समजू शकतात. निदान म्हणजे अपात्रता नव्हे. मानसिक आरोग्य कायदा २०१७ मध्येही हेच आहे: आजार ठरला म्हणून माणूस कायद्याच्या अर्थाने 'विकृत मनाचा' ठरत नाही, ते कोर्टाने घोषित करावं लागतं.

म्हणून पत्रात प्रश्न लिहून पाठवायला सांगा. आपल्यावर कोणता आरोप आहे हे त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता येतं का? न्यायाधीश, सरकारी वकील आणि आपला वकील यांत फरक कळतो का? साक्षीदार काय म्हणतोय हे ऐकून "हे खोटं, मी तिथं नव्हतो" असं वकिलाला सांगण्याइतकं लक्ष टिकतं का? गुन्हा कबूल केल्यावर काय होतं हे माहीत आहे का? आणि नसेल, तर उपचाराने किती काळात येण्याची शक्यता आहे?

शेवटचा प्रश्न नक्की घाला. प्रथमदर्शनी केस असेल तर किती काळासाठी स्थगिती द्यायची, हे कोर्टाने मनोविकारतज्ज्ञाच्या मतावरच ठरवायचं असतं.

आणखी एक. खानापूरच्या जंगलपट्टीतल्या माणसाने आयुष्यात कोर्ट पाहिलेलं नसतं. सरकारी वकील कोण, हे त्याला माहीत नसणं म्हणजे आजार नव्हे. आम्ही त्याला साध्या भाषेत समजावून सांगतो, तासाभराने परत विचारतो, दुसऱ्या दिवशी परत. नुसतं अज्ञान असेल तर दुसऱ्या वेळी तो बरोबर सांगतो. आजार असेल तर ते सांगितलेलंच भ्रमात गुंडाळलं जातं: "हो, तो माझा वकील, पण तो आतून त्यांचा." हा फरक एका भेटीत दिसत नाही. दहा-पंधरा दिवस वॉर्डात ठेवलं तर झोप, अंघोळ, जेवण, कोणी बघत नसताना स्वतःशी बोलणं हे सगळं नर्सच्या नोंदीत येतं. नाटक करणाराही तिथेच उघडा पडतो, कारण चोवीस तास सोंग टिकत नाही.

पश्चिमघाट
भाषेचं काय? त्या भागातला माणूस मराठी किंवा कोकणी वळणाची बोली बोलतो. जेलमध्ये कन्नड, सिव्हिलमध्ये डॉक्टर कन्नड-हिंदीत विचारणार, चार्ज कन्नडमध्ये वाचणार. तो गप्प बसला, तर वेडा म्हणून गप्प की न समजल्यामुळे गप्प?

मनोवेध
हा सगळ्यात मोठा धोका, आणि तो दोन्ही बाजूंनी होतो. "बोलत नाही, प्रश्नांना एका शब्दात उत्तर" अशी नोंद होते, पण त्याला प्रश्नच धड कळलेला नसतो. उलट बाजूही पाहिली आहे. हिंदीत "ठीक है साब, हाँ साब" एवढं बोलला म्हणून 'सहकार्य करतो, संभाषण सुसंगत' असं लिहिलं जातं. भ्रम मात्र आईच्या भाषेतच उलगडतो. तपासणी त्याच्या बोलीत झाली पाहिजे आणि कोणत्या भाषेत, कोणाच्या मदतीने झाली हे अहवालात लिहिलं पाहिजे. दुभाषी म्हणून घरचा माणूस नको. या केसमध्ये तर अजिबात नको, कारण ज्या कुटुंबातून दुभाषी येईल त्याच कुटुंबातला फिर्यादी आहे.

वैजनाथ_वकिली
कायद्यात हे दोन वेगळे कप्पे आहेत. पुरावा आरोपीला न समजणाऱ्या भाषेत दिला गेला तर तो त्याला समजणाऱ्या भाषेत सांगण्याची जबाबदारी कोर्टाची, कलम ३१४. आणि मन शाबूत असूनही ज्याला कामकाज समजवताच येत नाही, त्याच्यासाठी कलम ३५७ आहे. तिथे खटला चालतो, पण शिक्षा ठरली तर अहवालासह प्रकरण हायकोर्टाकडे जातं. म्हणजे आपला माणूस नुसता मराठी बोलणारा असता तर ३६७ लागलंच नसतं. इथे "क्लार्क माझे विचार टाईप करतोय" हे त्याने मराठीतच म्हटलंय, त्यामुळे शंका भाषेची नाही. अर्जात ते वाक्य जसंच्या तसं मराठीत लिहा, खाली कन्नड भाषांतर द्या.

सुनंदा_निपाणी
मला वेगळं विचारायचंय. माझ्या दिराचं मतिमंद सर्टिफिकेट आहे, साठ टक्के. चोरीच्या केसमध्ये नाव आलंय. तो पण बरा होईपर्यंत थांबायचं का? बरा कसा होणार?

वैजनाथ_वकिली
ताई, तुमच्या दिराचं प्रकरण यापेक्षा वेगळं चालतं. बौद्धिक अक्षमतेमुळे तो बचाव करू शकत नाही असं कोर्टाला आढळलं तर चौकशी थांबवून ठेवत नाहीत, बंद करतात आणि ३६९ प्रमाणे त्याची व्यवस्था लावतात. म्हणून 'मनोविकार' आणि 'बौद्धिक अक्षमता' यांपैकी नेमकं काय, हे अहवालात स्पष्ट हवं. मात्र टक्केवारीचं सर्टिफिकेट पुरत नाही. साठ टक्केवाला माणूसही साधी केस समजू शकतो. तपासणी मागावीच लागेल. तुमच्या वकिलांना ३६७(५) दाखवा.

सीमाभागी
मग ज्युनिअरच्या माणसाचं पण बंद होईल की. जुन्या वेळी असं नव्हतं, तारखा पडत राहायच्या.

वैजनाथ_वकिली
बंद होण्याची एक वाट आहे, पण ती वेगळी. अपात्रतेचा निष्कर्ष लिहिल्यावर मॅजिस्ट्रेटने फिर्यादी पक्षाचे कागद बघायचे आणि आरोपीच्या वकिलाला ऐकायचं, आरोपीला एकही प्रश्न न विचारता. प्रथमदर्शनी केसच नसेल तर स्थगिती न देता आरोपमुक्ती, म्हणजे डिस्चार्ज. २००८ च्या दुरुस्तीने हे आलं, त्याआधी खोटी केस असली तरी माणूस बरा होईपर्यंत लटकायचा. तुम्हाला आठवतं ते त्या आधीचं.

इथे वैद्यकीय दाखला आहे, हाड मोडल्याचा एक्स-रे आहे, दोन साक्षीदार आहेत. डिस्चार्ज मिळणार नाही असं मला वाटतं. तरीही ज्युनिअरने तो मुद्दा मांडावा, पण सगळा जोर ३६९ वर ठेवावा.

खानापूरचा_ज्युनिअर
३६९ मध्ये जामीन मिळू शकतो ना, अजामीनपात्र असूनही?

वैजनाथ_वकिली
हो. गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, अट दोनच. रुग्णालयात दाखल करण्याची गरज नसावी आणि नातेवाईक किंवा मित्राने हमी द्यावी की जवळच्या दवाखान्यात त्याचे नियमित ओपीडी उपचार करवून घेईन आणि तो स्वतःला वा दुसऱ्याला इजा करणार नाही हे बघेन.

अडचण कुठे येते, तर हमी देणारा कोण. आई असेल आणि घर फिर्यादीच्या अंगणाला लागून असेल, तर सरकारी वकील तेवढ्यावरच विरोध करतील आणि त्यांचं चूक नाही. दुसरा पत्ता शोधा.

खानापूरचा_ज्युनिअर
बहीण चंदगड तालुक्यात दिली आहे. ती ठेवायला तयार आहे. पण परराज्य, आणि जामीनदार लोकलच पाहिजे असं क्लार्क म्हणतात. तिच्याकडे महाराष्ट्राचा सातबारा आहे, इकडचा उतारा नाही.

वैजनाथ_वकिली
जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला किंवा राज्यातला आहे एवढ्याच कारणाने नाकारता येत नाही. मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश, १९७८. निकालाची प्रत अर्जासोबत लावा. सीमेवर हा निकाल जेवढा उपयोगी पडतो तेवढा दुसरीकडे कुठे पडत नसेल. ओपीडी चंदगडजवळच्या सरकारी दवाखान्याची दाखवा आणि दर महिन्याची ओपीडी चिठ्ठी कोर्टात दाखल करण्याची अट स्वतःहून सुचवा. मॅजिस्ट्रेटची भीती त्याने कमी होते.

मनोवेध
पण आज तो ओपीडीवर राहण्याच्या स्थितीत आहे का? तुम्ही लिहिलंय त्यावरून मला नाही वाटत. वकिलावर संशय, विचार बाहेर जातात असा भ्रम, घटनेच्या तीन महिने आधीपासून औषध बंद, त्यात जेल. आधी दाखल व्हावं लागेल, बहुधा धारवाडच्या डिमहान्स या मनोविकार रुग्णालयात. ते ३६९(२) खाली होतं आणि मानसिक आरोग्य कायद्याचे नियम पाळूनच.

आणि आता मी ज्यासाठी मुद्दाम लिहितेय ते. सगळ्यात जास्त केसेस इथे फिसकटतात. सहा-आठ आठवड्यांत तो सुधारतो. रुग्णालय 'फिट' लिहून परत जेलला पाठवतं. जेलच्या दवाखान्यात नेमकी ती गोळी नसते, किंवा संध्याकाळची गोळी तो जिभेखाली ठेवून थुंकतो. कोर्टाची तारीख दीड महिन्याने. तोवर परत तेच: गप्प, संशयी, "हे जेवण विषारी आहे." परत तपासणी, परत धारवाड. अशा तीन फेऱ्यांत दीड वर्ष जातं.

हे टाळायला दोन गोष्टी करता येतात. डिस्चार्ज समरी औषधाच्या नावासह आणि मात्रेसह जेलच्या डॉक्टरांना पोचल्याची सही घ्या आणि एक प्रत कोर्टात लावा. आणि गोळी टाळण्याचा इतिहास असेल तर डॉक्टरांना दोन ते चार आठवड्यांनी द्यायच्या इंजेक्शनबद्दल विचारा. ते सगळ्यांना चालत नाही, हात थरथरणं, अंग ताठरणं असे त्रास होतात. पण ज्याला चालतं त्याच्या बाबतीत पुढच्या तारखेला तो तसाच उभा राहील याची बरीच खात्री असते.

औषध चालू असताना आलेलं भान हे खरं भान नव्हे, असं काही वकील म्हणतात. तसं नाही. मधुमेही माणूस इन्शुलिनवर साक्ष देतो, तसंच हे.

वैजनाथ_वकिली
'फिट' पत्र कोणाकडे जातं, हेही बघा. रुग्णालयात ठेवलेल्या माणसाबद्दल तो बचाव करू शकतो असा दाखला मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाने द्यायचा, जेलमध्ये ठेवलेल्याबद्दल कारागृह महानिरीक्षकांनी, कलम ३७६. जामिनावर असेल तर कोर्टाने नेमलेल्या अधिकाऱ्याचा दाखला, ३७०. प्रत्यक्षात रुग्णालयाचं पत्र जेलला जातं, तिथे फाईलला लागतं आणि कोर्टाला कळतच नाही. आसामच्या मचांग लालुंग यांना १९५१ मध्ये पकडलं होतं. तेजपूरच्या रुग्णालयाने १९६७ मध्येच ते ठीक असल्याचं कळवलं होतं. सुटले २००५ मध्ये. खटला कधी झालाच नाही. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ठराविक काळाने अहवाल मागवण्याचं बंधन कोर्टांवर टाकलं. स्थगितीच्या आदेशातच "दर महिन्याला अहवाल थेट या न्यायालयाला" हे वाक्य घालून घ्या, बाकी युक्तिवाद नंतर.

पश्चिमघाट
आणि कलम २२ चं काय, ते मग सोडून द्यायचं?

वैजनाथ_वकिली
सोडायचं नाही, पण आत्ता कोर्टात मांडायचंही नाही. पुरावा मात्र आत्ताच गोळा करायचा, कारण खटला सुरू होईपर्यंत वर्ष जाईल. ओझं आरोपीवर आहे, साक्ष्य अधिनियमाचं कलम १०८. पण संशयापलीकडे सिद्ध करायचं नसतं, शक्यतेचा तोल पुरतो. ठक्कर प्रकरण, १९६४. त्यासाठी आठ वर्षांचे ओपीडी कागद, घटनेच्या तीन महिने आधी मेडिकलमधून गोळ्या घेणं थांबल्याचं दाखवणारी बिलं आणि घटनेच्या आदल्या-नंतरच्या दिवशी त्याला पाहिलेले लोक. तो पळाला का, कोयता लपवला का, की तिथेच बसून राहिला? गुन्ह्यानंतरचं वागणं कोर्ट बारकाईने बघतं. चार महिन्यांनी आज तो कसा वागतोय, याने त्या दिवसाबद्दल फार थोडं सिद्ध होतं.

म्हणूनच डॉक्टरांच्या पत्रात दोन्ही प्रश्न एकत्र घालू नका. "त्या दिवशी तुझ्या मनात काय होतं" हे आजच्या तपासणीत विचारलं गेलं, तर भ्रमात दिलेलं उत्तर कागदावर येतं आणि पुढे तेच त्याच्याविरुद्ध वाचलं जातं.

मनोवेध
याला माझा अर्धा विरोध आहे. घटनेबद्दल काहीच विचारलं नाही तर आरोप समजतो का, हे कसं तपासणार? मी "तुझ्यावर काय आरोप आहे" विचारते, "तू काय केलंस" विचारत नाही. पण रुग्ण स्वतःहून सांगायला लागला तर ते क्लिनिकल नोंदीत येतंच.

वैजनाथ_वकिली
नोंदीत येऊ द्या, कोर्टाच्या अहवालात उतरू नये एवढंच म्हणणं. ही रेषा कायद्यात स्पष्ट नाही हे मान्य. मी माझ्या अर्जात लेखी विनंती करतो, काही न्यायाधीश आदेशात घेतात, काही घेत नाहीत.

सीमाभागी
एक राहिलं. औषध घेऊनही तो कधीच ठीक झाला नाही तर? मतिमंदाची केस बंद होते, याची का नाही?

वैजनाथ_वकिली
या प्रश्नाला कलमात उत्तर नाही. प्रथमदर्शनी केस आहे आणि मनोविकार बरा होत नाही, अशा माणसाच्या स्थगितीला कायद्याने वरची मर्यादा घातलेली नाही. ३६९(३) खाली पुरेशी हमी घेऊन सोडणं किंवा उपचाराच्या निवासी ठिकाणी हलवणं एवढंच. केस रद्द व्हावी म्हणून धारवाड खंडपीठात जाता येईल, कलम ५२८ खाली, पण तिथे जलद खटल्याचा हक्क आणि जखमी चुलत भावाचा हक्क एकमेकांसमोर येतात. मी ठाम काही सांगणार नाही.

खानापूरचा_ज्युनिअर
मंगळवारी अर्ज दाखल केला. ३६७ खाली, पाच प्रश्नांसह, मराठी वाक्य आणि कन्नड भाषांतर जोडून. आदेश झाला: डिस्ट्रिक्ट सर्जनकडे तपासणी, मराठी जाणणाऱ्या डॉक्टरसमोर, अहवाल तीन आठवड्यांत. डॉक्टरांच्या साक्षीची मागणी मात्र "अहवाल आल्यावर बघू" म्हणून ठेवली आहे. बहिणीने सातबाऱ्याची प्रत पाठवली आहे. जेलच्या दवाखान्याची नोंद मागवायचा स्वतंत्र मेमो देऊ का, की जेल सुपरिंटेंडेंटला थेट पत्र चालेल?

वैजनाथ_वकिली
मेमो द्या. थेट पत्राला उत्तर आलं तरी ते रेकॉर्डवर नसतं. आणि अहवाल आल्या दिवशीच साक्षीची मागणी लेखी परत द्या, तोंडी नको.

मनोवेध
अहवाल येईपर्यंत गोळी सुरू आहे का, हे आधी बघा. तीन आठवडे औषधाविना गेले तर तपासणारा डॉक्टर वेगळाच माणूस बघेल.